आरओचं एक लिटर पाणी किती विजेचं? अमळनेरच्या घरातल्या नोंदी

१६ नोव्हेंबर

घरातल्या आरओच्या अडॅप्टरवर '२४ व्होल्ट, २.५ अँपिअर' असं छापलंय. म्हणजे ६० वॅट. शेजारच्या काकांनी लगेच हिशोब मांडला: साठ वॅट गुणिले चोवीस तास, रोज दीड युनिट, महिन्याला चाळीस-पंचेचाळीस युनिटं. बिल वाढायचं खापर तिथेच फुटलं आणि आरओ विकून टाकायची भाषा सुरू झाली. पण आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ७८०. डाळ शिजत नाही, चहावर साय धरल्यासारखा थर येतो. मशीन विकून भागणार नाही, म्हणून ते खरोखर किती वीज खातं ते मोजायचं ठरवलं.

अडॅप्टरवर छापलेला आकडा तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते सांगतो, पंप प्रत्यक्षात किती घेतो ते नाही. पंपही दिवसभर चालत नाही. टाकी भरली की तरंगता स्विच त्याला बंद करतो. त्यामुळे वॅट आणि तास या दोन्हींत काकांचा अंदाज फार वरचा आहे. मला हवाय तो आकडा वेगळाच: पिण्याच्या एका लिटरमागे किती वॅट-तास. (हजार वॅट-तास म्हणजे बिलावरचं एक युनिट.)

सामान फार नाही. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर, लिटरचं मापाचं भांडं, मोबाइलचं घड्याळ, टीडीएस पेन आणि पाण्यात बुडवायचा थर्मामीटर. मशीन साधं आहे: बाहेर स्पन फिल्टर, आत कार्बन, पंप, ७५ जीपीडीचं म्हणजे दिवसाला ७५ गॅलनचं मेंब्रेन, आठ लिटरची टाकी. यूव्ही दिवा नाही. ज्यांच्याकडे ११ वॅटचा दिवा पंपाबरोबर चालतो, त्यांनी माझ्या आकड्यांत लिटरमागे साधारण एक वॅट-तास वाढवावा.

१७ नोव्हेंबर

सकाळी टाकी अर्धी रिकामी केली आणि टाकीत जाणारी शुद्ध पाण्याची नळी काढून मापाच्या भांड्यात सोडली. वेस्टची नळी बादलीत. पंप सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं सोडून दिली, कारण दाब बसेपर्यंत वॅटचा आकडा हलत राहतो. मग भांडं लावलं.

पाण्याचं तापमान २५ अंश. वॅटमीटर २७ वर स्थिर. एक लिटर भरायला ५ मिनिटं २० सेकंद लागली, म्हणजे ताशी सव्वाअकरा लिटर. तेवढ्या वेळात बादलीत २.९ लिटर वेस्ट पाणी जमलं. शुद्ध पाण्याचा टीडीएस ६२.

२७ वॅट गुणिले ३२० सेकंद भागिले ३६००: २.४ वॅट-तास. हा पंप चालू असतानाचा लिटरचा खर्च. या हिशोबाने एका युनिटमध्ये चारशे लिटरच्या वर पाणी निघतं.

बादली भरताना बघून आई म्हणाली, "कितलं पानी वाया जाई राहिनं रे भाऊ!" तिचा मुद्दा विजेच्या हिशोबातही येतो, पण तो पुढे वेगळा मोजावा लागेल. आधी मशीनचं संपवतो.

२३ नोव्हेंबर

आठवडाभर वॅटमीटर तसाच लावून ठेवला होता. जमा झालेला आकडा ०.२० युनिट. घरात रोज साधारण बारा लिटर पाणी लागतं (पिणं, चहा, डाळ-भात, सगळं मिळून). सात दिवसांचे ८४ लिटर गुणिले २.४ केले की बरोबर ०.२० येतात. हिशोब चोख जुळला, आणि म्हणूनच मला शंका आली. पंप बंद असताना मशीनवर निळा दिवा जळतो, अडॅप्टर हाताला कोमट लागतो. ती ऊब कुठून येते? मीटर तर ०.० दाखवतो.

हे स्वस्त वॅटमीटर फार कमी भार धरत नाहीत. एक-दोन वॅट असले की शून्य दाखवतात आणि जमेतही धरत नाहीत. म्हणून तो भार दुसऱ्या भाराच्या पाठीवर चढवून मोजावा लागतो. देवघरात जुना झिरोचा बल्ब आहे, तारेचा. नावाला झिरो, पण घेतो चौदा-पंधरा वॅट. वॅटमीटरमध्ये एक्स्टेंशन बोर्ड लावला, त्यात बल्ब आणि आरओचा अडॅप्टर.

फक्त बल्ब: १४.२. बल्ब आणि आरओ (पंप बंद): १५.८. फरक १.६ वॅट.

यात एक अडचण येते. तारेचा बल्ब व्होल्टेजप्रमाणे वॅट बदलतो. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज वरखाली होतं आणि दहा-पंधरा व्होल्टच्या फरकाने बल्बचाच आकडा एक वॅटने हलतो. मग आरओचा दीड वॅट त्यात हरवून जातो. म्हणून रात्री अकरानंतर, मीटरवर व्होल्टेज एकाच आकड्यावर थांबलेलं असताना, अडॅप्टर मिनिटभर लावायचा, मिनिटभर काढायचा, असं अनेकदा केलं. फरक दर वेळी दीड ते पावणेदोनच्या मध्येच येत राहिला. मग मशीनमध्ये जाणारी बारीक पिन काढून नुसता अडॅप्टर मोजला: ०.९. उरलेले ०.७ मशीनच्या आतलं सर्किट आणि दिवे घेतात.

घरचा मुख्य मीटर हा भार मोजतो का? मोजतो. एकट्या दीड वॅटवर तोही कदाचित हलणार नाही, पण घरात फ्रिज असतो, पंखा असतो, राउटर असतो. त्यांच्या जोडीने आरओचा दीड वॅटही बिलात बसतो.

१ डिसेंबर

आता पूर्ण दिवसाचा खरा हिशोब. बारा लिटरसाठी पंप चालतो ६४ मिनिटं: २९ वॅट-तास. उरलेले जवळपास २३ तास मशीन नुसतं वाट बघत १.६ वॅट घेतं: ३७ वॅट-तास. एकूण ६६. भागिले बारा लिटर: साडेपाच वॅट-तास.

म्हणजे पाणी गाळायला जेवढी वीज लागते, त्यापेक्षा जास्त वीज न गाळता जाते. पंपाचा खर्च २.४ आणि थांबण्याचा खर्च ३.१. पहिला प्रत्येक लिटरबरोबर येतो. दुसरा दिवसाचा ठरलेला आहे, मग तुम्ही पाच लिटर प्या की पन्नास. शेजारचे काका-काकू दोघंच, दिवसाला पाच लिटरही लागत नसतील. अशा घरात तसल्याच मशीनचा थांबण्याचा खर्च लिटरमागे साडेसात वॅट-तासांच्या पुढे जातो, पंपाच्या तिप्पट. त्यांनी दीड युनिट रोज धरलं होतं, ते मात्र कुठेच नाही. आमच्या घराचं महिन्याचं बसतं दोन युनिट. काकांना वही दाखवली. त्यांनी स्वतः पुन्हा गुणाकार करून बघितला आणि आरओ विकायचा विषय मिटला.

८ डिसेंबर

आठवडाभर बटण बोर्डावरून बंद ठेवतोय. सकाळी सहाला चालू, टाकी भरली की बंद. संध्याकाळी सातला पुन्हा. आठ लिटरच्या टाकीवर दोन भरण्यांत बारा लिटरचा दिवस निभतो.

बटण बंद असताना पाणी गळत राहील का, अशी आईला भीती होती. मशीनच्या आत येणाऱ्या पाण्यावर सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो आणि वीज नसली की तो बंदच राहतो. वेस्टच्या नळीखाली रात्रभर कोरडा पेला ठेवला, सकाळी कोरडाच होता. हीच तपासणी प्रत्येकाने करावी. पेल्यात पाणी साठलं तर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय, आणि ते पाणी वीज न खाता रात्रंदिवस वाहतंय.

लिटरचा खर्च साडेपाचवरून अडीचच्या आत आला. वर्षाला साधारण तेरा युनिटं वाचतील. दहा रुपये युनिट धरलं तरी एकशेतीस रुपये. रक्कम मोठी नाही, पण त्यासाठी काही विकत घ्यावं लागलं नाही.

१२ जानेवारी

थंडी कडक आहे. टाकीचं पाणी सकाळी १८ अंश. पाणी हळू येतंय म्हणून बायकोने सर्व्हिसवाल्याला बोलावलं होतं. त्याने धार बघितली आणि "मेंब्रेन गेलं ताई, बदलून टाका" म्हणाला. मी एक दिवस मागून घेतला.

मोजलं. एक लिटरला ६ मिनिटं २७ सेकंद, ताशी ९.३ लिटर. वॅट २७.५. लिटरमागे जवळपास ३ वॅट-तास. नोव्हेंबरपेक्षा पंचवीस टक्के जास्त.

पण पाणी गार झालं की ते घट्ट होतं आणि मेंब्रेनमधून सावकाश झिरपतं. ढोबळ नियम असा की एका अंशामागे तीन टक्के फरक पडतो. २५ वरून १८ म्हणजे सात अंश. ११.२५ ला १.०३ ने सात वेळा भागलं तर ९.१५ येतात. मला मिळाले ९.३. मेंब्रेन जसं होतं तसंच आहे. टीडीएस तर ६२ वरून ५० वर उतरलाय, म्हणजे मेंब्रेन फाटलेलंही नाही.

सर्व्हिसवाल्याला दुसऱ्या दिवशी वही दाखवली. मुलगा समजूतदार. म्हणाला, "थंडीत सगळ्यांचंच हळू होतं दादा, पण लोकांना तेव्हाच बदलून हवं असतं." मेंब्रेन वाचलं. थर्मामीटरशिवाय घेतलेली वेळ पुढच्या वेळेशी ताडता येत नाही, म्हणून आता प्रत्येक नोंदीत तापमान आधी लिहितो.

९ मार्च

पाणी पुन्हा हळू. या वेळी थंडीला दोष देता येत नाही, पाणी २८ अंश आहे. नियमाप्रमाणे ताशी सव्वाबारा लिटर यायला हवेत.

एका लिटरला सात मिनिटं, ताशी ८.६. आणि वॅट फक्त २१! लिटरमागे काढलं तर २.४५, म्हणजे नोव्हेंबरइतकंच. फक्त लिटरमागचा आकडा बघितला असता तर सगळं ठीक आहे असं वाटलं असतं. वेळ आणि वॅट वेगवेगळे बघितल्यावर बिघाड दिसला.

या पंपाचं काम समजून घेतलं की वॅटवरून बिघाड कुठल्या बाजूला आहे ते कळतं. पडद्याचा पंप फेरीगणिक ठरावीक पाणी ढकलतो आणि पुढे जेवढा दाब असेल तेवढी वीज घेतो. मेंब्रेनवर क्षार बसला तर पाणी पलीकडे जात नाही, दाब वाढतो, वॅट थोडे वाढतात आणि धार कमी होते. वेस्टच्या नळीतली बारीक अडथळ्याची पुडी (रिस्ट्रिक्टर) चोंदली तरी वॅट वाढतात, पण मग बादलीतलं पाणी कमी भरतं. आणि पंपाच्या आधी अडलं, म्हणजे पंपाला प्यायलाच पाणी कमी पडलं, तर दाब बनत नाही. धार आणि वॅट दोन्ही उतरतात, आवाजही बदलतो. आमचा पंप गेले काही दिवस घरघर न करता टकटक करत होता.

शिवाय शुद्ध पाण्याचा टीडीएस ८५ झालाय. तेही याच बाजूचं लक्षण. दाब कमी असला की पाणी कमी झिरपतं, क्षार मात्र जवळपास तेवढाच येतो आणि थोड्या पाण्यात जास्त दिसतो.

बाहेरचा स्पन फिल्टर उघडला. पांढरा असायचा तो, मातीच्या रंगाचा आणि बोटाला बुळबुळीत लागत होता. बोअरची पातळी उतरली की तळाची बारीक माती वर येते, ती सगळी इथे थांबली होती. नवीन स्पन घातला: २७ वॅट, लिटरला ४ मिनिटं ५५ सेकंद, टीडीएस ६८. लिटरमागे २.२.

३० एप्रिल

आखाजी. बहिणी माहेरी आल्यात, पोरंटोरं धरून घर भरलंय. सांजोऱ्या, पुरणपोळ्या, आमरस, आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी पाण्याला. बटण दिवसभर चालूच ठेवलं. तीस लिटर तरी गेलं असेल. थांबण्याचा खर्च तीस लिटरांत वाटला गेला आणि बटण चालू असूनही लिटर तीन वॅट-तासांच्या आसपास बसला. माणसं जास्त असली की बटण बंद-चालू करायची खटपट फारशी कामाची नाही. दोघा-चौघांच्या घरात मात्र आहे.

११ मे

दुपारी दोनला गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी नळातून ३९ अंशांचं आलं. लिटर चार मिनिटांत भरला, ताशी १५ लिटर. २६ वॅट. लिटरमागे १.७ वॅट-तास, आतापर्यंतचा सगळ्यात स्वस्त लिटर. नियमाप्रमाणे ताशी सतरा यायला हवे होते. पण पंप ढकलतो तेवढंच पाणी आहे, त्यातलं जास्त पलीकडे गेलं की दाब थोडा पडतो. बादलीत वेस्ट पाणीही २.१ लिटरच आलं.

मग टीडीएस बघितला: ११०. गरम पाण्याबरोबर क्षारही मेंब्रेनमधून सहज सुटतो. विजेला स्वस्त असलेला लिटर पाण्याच्या दृष्टीने सगळ्यात कमी प्रतीचा निघाला. ११० चं पाणी पिण्याजोगंच आहे, पण मोठी काळजी मेंब्रेनची आहे. त्याची मर्यादा ४५ अंश असते. आमच्या भागातल्या मे महिन्यात उन्हातली काळी टाकी आणि गच्चीवरून येणारा पाइप त्या आकड्याच्या फार लांब नसतात.

सकाळी सहाला तेच पाणी ३१ अंश: साडेचार मिनिटं, २६.५ वॅट, २ वॅट-तास, टीडीएस ८८. तीन दशांश वॅट-तास जास्त गेले तरी चालतील. उन्हाळाभर दुपारी मशीन चालवायचं नाही, भरणी फक्त सकाळी सहाला आणि रात्री दहानंतर. टाकीवर जुन्या गोणपाटाचं आच्छादनही टाकलं.

२५ मे

आईचा मुद्दा राहिला होता. आरओच्या आत येणारं पाणी आपोआप गच्चीवर जात नाही, बोअरची मोटर ते चढवते. एक लिटर पिण्याच्या पाण्यासाठी मोटरने ३.९ लिटर चढवलेलं असतं.

घरातले बाकीचे एमसीबी पाडून फक्त मोटर चालवली. हजार लिटरची टाकी भरेपर्यंत मुख्य मीटरवर ०.८ युनिट गेलं. म्हणजे कच्च्या पाण्याच्या लिटरमागे ०.८ वॅट-तास. गुणिले ३.९: ३.१ वॅट-तास.

आरओचा पंप २.४ घेतो आणि त्याच लिटरसाठी बोअरची मोटर ३.१. सगळी चर्चा स्वयंपाकघरातल्या मशीनची आणि जास्त वीज जमिनीखाली जाते. यातली पाऊण वीज वेस्ट पाणी वर चढवण्याची आहे. ते मोरीत सोडलं तर तो खर्च पिण्याच्या लिटरवरच टाकावा लागतो. पण ते पाणी कुठेतरी वापरलं, तर तेवढं पाणी मोटरला दुसऱ्यांदा चढवावं लागत नाही, आणि मग पिण्याच्या लिटरच्या वाट्याला फक्त त्याचा स्वतःचा ०.८ येतो. पंप आणि मोटर मिळून खर्च साडेपाचवरून ३.२ वर. बटण बंद ठेवून जेवढं वाचलं, त्याच्या पाऊणपट इथेही आहे.

वेस्ट पाण्याचा टीडीएस १०३० आहे. कुंड्यांना रोज घातलं तर मातीवर पांढरी खार फुटते, भांड्यांवर डाग राहतात. फरशी पुसणं, संडास, अंगण शिंपणं यांना चालतं. वेस्टची नळी भिंतीतून बाहेर काढून मोरीशेजारच्या पन्नास लिटरच्या ड्रममध्ये सोडली. रोज पस्तीस लिटर जमतं. ड्रम भरून उलटा दाब येऊ नये म्हणून नळीचं तोंड काठाच्या वर बांधलंय, पाण्यात बुडू द्यायचं नाही. वेस्टची वाट अडली की मेंब्रेनवर क्षार बसायला वेळ लागत नाही.

मोटरचं मोजमाप मे अखेरचं आहे, बोअरची पातळी सगळ्यात खाली असतानाचं. पाऊस होऊन पातळी वर आली की ०.८ कमी व्हायला हवं. ते ऑगस्टमध्ये, कानबाईचा सण झाल्यावर, पुन्हा मोजेन.